पास घरी राहिला, पावती हातात आली : विनातिकीट ठरल्यावर नेमके काय होते?

शेवंती_०७ (धागाकर्ती)

गेली अकरा वर्षे मी मध्य रेल्वेच्या लोकलने नोकरीसाठी प्रवास करते आणि या काळात माझा द्वितीय श्रेणीचा पास एक दिवसही खंडित झालेला नाही. मागच्या आठवड्यात मात्र पर्स बदलली आणि पास जुन्या पर्सच्या आतल्या कप्प्यात तसाच राहिला. उतरून पुलाकडे वळले तोच महिला तपासनिसांनी पास मागितला. पर्स उलटी करून पाहिली. त्यातून डब्याचा चमचा, ओळखपत्र आणि गेल्या महिन्याचा संपलेला पास निघाला, चालू पास काही निघाला नाही. संपलेला पास पाहून त्यांना माझे म्हणणे खरे वाटले असावे, कारण त्यांचा स्वर शेवटपर्यंत सौम्य होता. तरीही २५५ रुपये भरावे लागले. पावतीवर भाडे ५ रुपये आणि त्याखाली जादा आकार २५० रुपये असे दोन आकडे वेगवेगळे लिहिलेले आहेत.

माझे प्रश्न तीन आहेत. पहिला, ज्याच्याकडे वैध पास आहे पण तो त्या क्षणी जवळ नाही, त्याला आणि मुद्दाम फुकट प्रवास करणाऱ्याला एकाच मापाने मोजणे कायद्याला धरून आहे का? दुसरा, पास दुसऱ्या दिवशी नेऊन दाखवला तर पैसे परत मिळतात का? तिसरा प्रश्न आईबाबांसाठी आहे. पुढच्या महिन्यात ते नागपूरला जाणार आहेत आणि त्यांनी आरक्षण खिडकीवरून छापील तिकीट काढले आहे. ते हरवले तर काय करायचे, हे आधीच समजून घ्यावे असा विचार आहे.

लोकलकर_नाना

शेवंतीताई, तुम्हाला फसवले. महिलांना दंड करताच येत नाही, असा रेल्वेचा नियम आहे. एकट्या बाईला गाडीतून उतरवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेले आहे. शिवाय फलाट तिकीट जवळ असेल तर गाडीत चढता येते आणि दंड लागत नाही, फक्त भाडे भरावे लागते. हे दोन नियम प्रत्येकाने पाठ करून ठेवावेत.

खिडकी_क्रमांक_४

मी तिकीट तपासनीस म्हणून ३० वर्षे नोकरी केली आणि आता निवृत्त आहे. नानांनी सांगितलेल्या दोन्ही नियमांत थोडे तथ्य आहे, पण ते ज्या रूपात सांगितले गेले त्या रूपात कोणी ऐकले तर अडचणीत येईल, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आधी शेवंतीताईंचा पहिला प्रश्न घेऊ. रेल्वे अधिनियम १९८९ मध्ये विनातिकीट प्रवासासाठी दोन स्वतंत्र कलमे आहेत, आणि लोक दोन्हींना सरसकट ‘दंड’ म्हणत असल्यामुळे सगळा गोंधळ होतो. कलम १३७ फसवणुकीच्या हेतूने केलेल्या प्रवासाचे आहे. तो गुन्हा असून त्यासाठी दंडाधिकाऱ्यापुढे उभे राहावे लागते, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी आहे. विशेष कारण नोंदवल्याशिवाय दंड ५०० रुपयांच्या खाली येत नाही. कलम १३८ मध्ये हेतूचा शब्दही नाही. मागितल्याबरोबर जो तिकीट किंवा पास दाखवू शकत नाही, त्याने भाडे आणि त्यावर जादा आकार भरावा, एवढेच ते कलम सांगते. त्यातला ‘मागितल्याबरोबर’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पास तुमचा आहे की नाही, तुम्ही प्रामाणिक आहात की नाही, हे तपासनिसाने ठरवायचेच नसते. पास समोर आला की नाही, एवढेच त्याने पाहायचे असते.

म्हणून ताई, तुम्हाला आणि सराईत फुकट्याला कायद्याने एकाच मापाने मोजलेले नाही. तुमची पावती १३८ ची आहे. ती गुन्ह्याची शिक्षा नाही आणि तिची नोंद तुमच्या नावावर गुन्हा म्हणून होत नाही. दुसऱ्याच्या पासवर प्रवास करणारा किंवा तारीख खोडून पास वापरणारा १३७ च्या वाटेला जातो. त्या तपासनीस बाई सौम्य बोलल्या, कारण समोर काय प्रकार आहे हे त्यांना कळले होते. पैसे घेतले, कारण ते सोडून देण्याचा अधिकार त्यांना नव्हता.

शेवंती_०७

धन्यवाद काका. ‘जादा आकार’ हा शब्द मी पावतीवर वाचला होता, पण तो दंडालाच दिलेला सरकारी शब्द असेल असे वाटले होते. २५० हा आकडा सगळ्यांना सारखाच असतो का?

खिडकी_क्रमांक_४

नाही, आणि लांब पल्ल्याच्या गाडीत लोकांना धक्का बसतो तो इथेच. जादा आकार भाड्याइतका असतो, पण २५० रुपयांपेक्षा कमी नसतो. लोकलचे भाडे ५ रुपये असल्यामुळे तुम्हाला २५० चा किमान आकडा लागला. हेच भाडे ६०० असते, तर जादा आकारही ६०० झाला असता आणि एकूण १,२०० भरावे लागले असते.

आता नानांच्या फलाट तिकिटाकडे येतो, कारण त्याचा संबंध या हिशेबाशी आहे. प्रवासी कुठून बसला याविषयी शंका असेल, तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचे भाडे धरले जाते. वाटेत सगळ्यांची तिकिटे तपासली गेली असतील, तर शेवटची तपासणी जिथे झाली तिथपासूनचे धरले जाते. समजा, नागपूरहून मुंबईला जाणाऱ्या गाडीत एक गृहस्थ नाशिक रोडला चढले आणि कल्याणच्या आधी तपासणी झाली. सोयीसाठी नाशिक रोडपासूनचे भाडे १०० आणि नागपूरपासूनचे ३०० धरू. नाशिक रोडला चढल्याचा पुरावा असेल, तर १०० अधिक २५० म्हणजे ३५० रुपये होतात. पुरावा नसेल, तर ३०० अधिक ३०० म्हणजे ६०० होतात. नाशिक रोडचे फलाट तिकीट या दोन रकमांतला फरक वाचवू शकते. २५० मात्र ते वाचवत नाही, कारण फलाट तिकीट हा प्रवासाचा परवाना नाही.

लोकलकर_नाना

काका, फलाट तिकिटाचे मान्य करतो. पण महिलांचा नियम मी स्वतः वाचलेला आहे.

खिडकी_क्रमांक_४

वाचला असेल, पण नाना, ते कलम वसुलीचे नाही, उतरवण्याचे आहे. कलम १३९ प्रमाणे पैसे न भरणाऱ्या प्रवाशाला गाडीतून उतरवता येते. पुरुष सोबत नसलेली स्त्री किंवा मूल असेल, तर तिला तिने प्रवास सुरू केला ते स्थानक, जंक्शन, अखेरचे स्थानक किंवा जिल्ह्याच्या मुख्यालयाचे स्थानक याखेरीज कुठेही उतरवता येत नाही, आणि तेही फक्त दिवसा. रात्री अकरा वाजता एखाद्या आडस्थानकावर बाईला एकटीला खाली उतरवू नये, हा त्यामागचा हेतू आहे. रक्कम तिलाही तेवढीच लागते.

पैसेच भरले नाहीत तर काय, हेही सांगून टाकतो. १३८ ची रक्कम भरण्यास नकार दिला तर प्रकरण दंडाधिकाऱ्याकडे जाते आणि ती रक्कम दंडासारखी वसूल होते. तिथेही भरली नाही तर कमीत कमी दहा दिवस आणि जास्तीत जास्त एक महिना कैद होऊ शकते. माझ्या अनुभवात इथपर्यंत पोहोचणारे बहुतेक जण पैसे नसल्यामुळे नव्हे, तर फलाटावर आवाज चढल्यामुळे पोहोचत.

राइनकाठ

मी गेली नऊ वर्षे जर्मनीत राहतो आणि शेवंतीताईंचा दुसरा प्रश्न माझ्याच बाबतीत घडलेला आहे. इथे शहरी वाहतुकीत विनातिकीट सापडल्यास ६० युरो द्यावे लागतात. माझा नावाचा मासिक पास घरी राहिला होता, म्हणून मलाही त्याच रकमेचा कागद मिळाला. परंतु नावाचा पास तपासणीच्या वेळी वैध होता, हे आठवड्याच्या आत कार्यालयात जाऊन दाखवले, तर ६० ऐवजी ७ युरोच घेतात. मी तिसऱ्या दिवशी गेलो, काचेच्या पलीकडच्या बाईंनी क्रमांक पडताळला आणि दोन मिनिटांत काम झाले. ही सवलत फक्त नावाच्या पासाला आहे. कोणालाही वापरता येणारा पास असेल तर ती मिळत नाही, कारण तो त्या वेळी दुसऱ्या कोणाच्या खिशात होता की काय, हे सिद्ध करता येत नाही. आपल्या लोकलच्या पासावरही ओळखपत्राचा क्रमांक असतो. मग अशी सोय आपल्याकडे का नसावी?

मोजपट्टी

शेवंतीताई, तुम्ही तिकीट रद्द करून परतावा मागत असाल तर ई-तिकिटाचे पैसे खात्यात आपोआप जमा होतात. माझे मागच्या दिवाळीचे पैसे चार दिवसांत आले होते. गाडी सुटण्याच्या किती तास आधी रद्द केले यावर कपात ठरते, तेवढे पाहा.

शेवंती_०७

मोजपट्टी, माझा प्रश्न तिकीट रद्द करण्याचा नाही. जादा आकार म्हणून भरलेले २५० रुपये, वैध पास नंतर दाखवल्यावर, परत मिळतात का असा आहे.

खिडकी_क्रमांक_४

माझ्या नोकरीच्या काळात, पास घरी विसरला आणि नंतर आणून दाखवला म्हणून पैसे परत मिळाल्याचे मी पाहिलेले नाही. पास ही सवलत असून ती पास जवळ बाळगण्याच्या अटीवर दिलेली आहे, अशी खात्याची भूमिका असे. तरीही लेखी अर्ज करण्याचा मार्ग बंद नाही. पावतीची प्रत, पासाची दोन्ही बाजूंची प्रत आणि ओळखपत्राची प्रत जोडून विभागीय रेल्वेच्या परताव्याचे काम पाहणाऱ्या वाणिज्य अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. पावती मूळ स्वरूपात स्वतःजवळ ठेवावी.

पावतीविषयी एक गोष्ट सर्वांसाठी सांगतो. आम्ही कार्बन घालून लिहीत होतो, आता हातातल्या यंत्रातून छापील चिठ्ठी येते आणि पैसे क्यूआर कोडवरही घेतात, पण पाहायचे तेच आहे. कुठून कुठपर्यंतचे भाडे लावले, भाडे आणि जादा आकार वेगळे दाखवले आहेत का, आणि एकूण रक्कम तुम्ही दिली तेवढीच आहे का. पावतीशिवाय कोणी ‘शंभर द्या आणि जा’ म्हणाले, तर ते शंभर रुपये रेल्वेकडे जात नाहीत, आणि पुढच्या पुलावर दुसऱ्या तपासनिसाने अडवले तर तुमच्याकडे दाखवायलाही काही नसते.

डोंबिवली_फास्ट_नव्हे

राइनकाठ यांच्या सूचनेशी मी सहमत नाही. सकाळच्या गर्दीत एका पुलावरून किती माणसे जातात हे पाहिले, तर ‘पास घरी आहे, उद्या दाखवतो’ हे वाक्य रोज किती जण म्हणतील याची कल्पना येते. त्यासाठी वेगळी खिडकी, वेगळी नोंद आणि वेगळी माणसे लागतील. त्यापेक्षा पास मोबाइलवर काढणे सोपे आहे.

राइनकाठ

इथेही गर्दी असते आणि तेच वाक्य इथले लोकही म्हणतात. फरक इतकाच की आधी पूर्ण रकमेचा कागद हातात पडतो आणि सिद्ध करण्याची धावपळ प्रवाशाला करावी लागते. ज्याच्याकडे पासच नाही, त्याला या धावपळीतून काही मिळत नाही.

शेवंती_०७

मोबाइलवरच्या पासाचा विचार मीही केला होता, परंतु माझा फोन संध्याकाळपर्यंत टिकत नाही. बॅटरी संपली तर काय करायचे?

डोंबिवली_फास्ट_नव्हे

तो खरा धोका आहे आणि त्याला सूट नाही. मोबाइलवरचे तिकीट मागितल्या वेळी दाखवता आले नाही, तर कारण कोणतेही असले तरी विनातिकीटच धरतात. लोकांना भीती वाटते ती मात्र वेगळ्याच गोष्टीची असते. नेटवर्क नसले तरी अ‍ॅपमधल्या ‘तिकीट दाखवा’ या पर्यायातून एकदा उतरवलेला पास दिसतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. अडचण होते ती फोन बंद पडल्यावर किंवा चुकून अ‍ॅपमधून बाहेर पडल्यावर. पासाचे छायाचित्र काढून ठेवणारेही पुष्कळ आहेत, पण ते चालत नाही, कारण तपासनीस अ‍ॅपमधलेच तिकीट उघडायला सांगतो. मी स्वतः छापील पास ओळखपत्राच्याच पाकिटात ठेवतो आणि ते पाकीट बॅगेत नव्हे, शर्टाच्या खिशात असते.

खिडकी_क्रमांक_४

छापील पास खरोखरच हरवला, नुसता घरी राहिला नाही, तर दुसरी प्रत मिळत नाही आणि उरलेल्या दिवसांचा परतावाही मिळत नाही. नवीन पास काढावा लागतो. म्हणून त्रैमासिक पास हरवला की माणूस हळहळतो.

आता ताईंचा तिसरा प्रश्न. खिडकीवरून काढलेले आरक्षित तिकीट हरवले तर त्याची दुय्यम प्रत मिळते, आणि या बाबतीत पासापेक्षा नियम बरेच उदार आहेत. सगळे अवलंबून असते ते आरक्षणाचा तक्ता लागला आहे की नाही यावर. तक्ता लागण्याआधी गेलात आणि तिकीट निश्चित असेल, तर शयनयान व द्वितीय श्रेणीला प्रवाशामागे ५० रुपये आणि वरच्या वर्गांना १०० रुपये भरून प्रत मिळते. तक्ता लागल्यानंतर गेलात तर भाड्याच्या निम्मी रक्कम भरावी लागते. प्रतीक्षा यादीतल्या तिकिटाची प्रत निघत नाही.

आईबाबांचे उदाहरण घेऊ. दोघांचे तृतीय वातानुकूलित वर्गाचे भाडे मिळून २,४०० रुपये आहे असे धरा. आदल्या दिवशी सकाळी तिकीट हरवल्याचे लक्षात आले आणि लगेच आरक्षण केंद्रावर गेले, तर २०० रुपयांत काम होते. स्थानकावर पोहोचून पिशवी उघडली तेव्हा लक्षात आले, तर तेच काम १,२०० रुपयांचे होते. पूर्वी तक्ता गाडीच्या साधारण चार तास आधी लागत असे, आता तो त्याहून बराच आधी लागतो, त्यामुळे ‘सकाळी पाहू’ म्हणणे महाग पडते. अर्जाबरोबर ओळखपत्र न्यावे आणि पीएनआर क्रमांक सांगता यावा. तिकिटाचे छायाचित्र काढून ठेवायचे ते यासाठी. त्यावर प्रवास करता येत नाही, पण क्रमांक हाताशी राहतो.

मोजपट्टी

आरक्षण झाल्याचा लघुसंदेश फोनवर असतोच. तो दाखवला की झाले, प्रत कशाला काढायची?

खिडकी_क्रमांक_४

तो संदेश ई-तिकिटाला चालतो. ई-तिकिटात संदेश किंवा फोनवरचे तिकीट आणि मूळ ओळखपत्र पुरते, त्यामुळे ते हरवण्याचा प्रश्नच येत नाही, पण ओळखपत्र विसरले तर मात्र विनातिकीट ठरतात. खिडकीच्या तिकिटाला तो छापील कागदच लागतो. या दोन प्रकारच्या तिकिटांत हा फरक आहे, आणि नेमका तोच घरातल्या वडीलधाऱ्यांना कोणी सांगत नाही.

कोथरूडची_मावशी

शेवंती, माझ्या बाबतीत याच्या पुढचे घडले आहे. आम्ही दुय्यम प्रत काढली, आणि रिक्षातून उतरताना मूळ तिकीट ह्यांच्या पंचांगात सापडले. मुहूर्ताचे पान उघडायला म्हणून खूण घातली होती. आम्ही दोन्ही तिकिटे गाडी सुटण्याआधी खिडकीवर नेली, तर भरलेल्या पैशांतून थोडी कपात करून बाकीचे परत दिले.

खिडकी_क्रमांक_४

बरोबर आहे मावशी. दोन्ही तिकिटे गाडी सुटण्याआधी दाखवली, तर प्रतीसाठी भरलेल्या रकमेतून ५ टक्के, पण किमान २० रुपये, कापून उरलेले परत मिळतात. वरच्या उदाहरणात १,२०० भरले असतील तर ६० कापून १,१४० मिळतील. २०० भरले असतील तर ५ टक्के म्हणजे १० होतात, पण किमान २० असल्यामुळे १८० मिळतील. गाडी सुटल्यावर सापडले तर ते पुन्हा पंचांगातच ठेवावे.

लोकलकर_नाना

मला एक शंका आहे. द्वितीय श्रेणीचा पास असलेला माणूस गर्दीत ढकलला जाऊन प्रथम श्रेणीत चढला, तर दोन्हींतला फरक आणि २५० लागतात की पास नसल्यासारखेच धरतात? माझ्या मित्राला दोन वेळा दोन वेगवेगळे हिशेब लावले होते.

खिडकी_क्रमांक_४

तिकिटाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. कमी वर्गाच्या तिकिटावर वरच्या वर्गात सापडल्यास भाड्यातला फरक आणि त्यावर जादा आकार, म्हणजे किमान २५० रुपये, लागतात. पासाच्या बाबतीत मी फरक लावत असे, माझे काही सहकारी पूर्ण भाडे लावत, आणि आमच्यात यावर विश्रांतीगृहात वाद होत असत. मित्राला सांगा, दोन्ही पावत्या असतील तर त्या घेऊन एकदा वाणिज्य निरीक्षकाला भेटावे. त्यांचे उत्तर मिळाले तर मलाही वाचायला आवडेल.

शेवंती_०७

सर्वांचे आभार. आज जेवणाच्या सुट्टीत तीन प्रती काढल्या आणि अर्ज लिहिला आहे. राइनकाठ यांनी सांगितलेली सात युरोची पद्धतही त्यात एका परिच्छेदात नमूद केली आहे. आईला तिकिटाचे छायाचित्र पाठवायला सांगितले, तर तिने उलट्या बाजूचे पाठवले आहे. उत्तर आले की याच धाग्यावर लिहीन.